‘ग’चा दम लवकर का तुटतो

ओठ मिटून ‘म्‌म्‌म्‌’ असा नाद लांबवत राहा आणि मध्येच नाक चिमटीत घट्ट धरा. नाद लगेच थांबत नाही. गाल थोडे फुगतात, आवाज क्षणभर रेटतो, दबत जातो आणि मग बंद पडतो. आता हाच खेळ दुसऱ्या हातानं गाल दोन्हीकडून दाबून करा. नाद आधीपेक्षा लवकर तुटेल. तिसऱ्यांदा ‘म’ऐवजी ‘अंग’ म्हणताना येणारा ‘ङ’ लांबवा, म्हणजे जिभेचा मागचा भाग वर टेकलेला राहील, आणि पुन्हा नाक धरा. या वेळी नाद जवळजवळ जागच्या जागी संपतो. ओठ उघडे असले तरी काही फरक पडत नाही, कारण हवेची वाट जिभेनं मागेच अडवलेली आहे.

नाक धरून केलेला ‘म’ म्हणजे खरं तर ‘ब’ची सुरुवात, आणि नाक धरून केलेला ‘ङ’ म्हणजे ‘ग’ची. ब, द, ड, ग या व्यंजनांना आपण घोष स्पर्श म्हणतो. ‘स्पर्श’ म्हणजे तोंडात कुठेतरी वाट पूर्ण बंद होते, आणि ‘घोष’ म्हणजे त्या वेळी गळ्यात स्वरतंतू थरथरत असतात. व्याकरणाच्या पुस्तकात हे दोन शब्द शेजारी गुण्यागोविंदानं नांदतात. गळ्यात मात्र त्यांचं पटत नाही. स्वरतंतू थरथरायला हवा वाहती लागते आणि तोंड बंद असलं की हवेला जायला जागा नसते. प्रत्येक ‘ब’ आणि ‘ग’ हा या दोघांमधला थोड्या वेळापुरता झालेला समझोता असतो. समझोता किती वेळ टिकतो, हे आता बऱ्यापैकी मोजता आलेलं आहे.

स्वरतंतू स्नायूंच्या हुकमानं एकेका फेरीला उघडमीट करतात, अशी कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत काही अभ्यासकांच्या मनात होती. 1958 साली डच शास्त्रज्ञ यानविलेम फान डेन बर्ग यांनी मांडलेला विचार आज सर्वमान्य आहे. स्नायू फक्त तंतूंना जवळ आणतात आणि त्यांचा ताण ठरवतात, थरथर चालवते ती खालून येणारी हवा. फुप्फुसांतल्या दाबानं तंतू विलग होतात, फटीतून हवा वेगानं निसटते, तंतूंची लवचीकता आणि त्या प्रवाहातला बदलता दाब त्यांना पुन्हा एकत्र आणतो. पुरुषाच्या साध्या बोलण्यात ही फेरी सेकंदाला सुमारे 120 वेळा होते, स्त्रीच्या बोलण्यात साधारण 200 वेळा.

प्रवाह चालू ठेवायचा तर तंतूंच्या खाली दाब जास्त आणि वर कमी, असा फरक हवा. पाण्याच्या दोन टाक्या नळीनं जोडल्या, की पातळी सारखी होईपर्यंतच पाणी वाहतं, तसंच हे. गळ्यातला दाब मोजायचं एककही पाण्यावरूनच आलेलं आहे. उंच पेल्यात पाणी घेऊन स्ट्रॉचं टोक पृष्ठभागाखाली आठ सेंटिमीटर धरा आणि फुंका. बुडबुडा बाहेर पडतो त्या क्षणी तुमच्या तोंडात आठ सेंटिमीटर पाण्याइतका दाब असतो. गप्पा मारताना फुप्फुसांत साधारण एवढाच दाब असतो, म्हणजे फार काही नाही. थरथर चालू राहायला तंतूंच्या वर आणि खाली मिळून निदान दोन सेंटिमीटरचा फरक लागतो. थांबलेली थरथर नव्यानं सुरू करायची तर त्याहून जास्त. सुरू करणं हे चालू ठेवण्यापेक्षा अवघड आहे, ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती लागणार आहे.

‘आ’ म्हणताना तोंडातला दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो, त्यामुळे आठच्या आठ सेंटिमीटर हाताशी असतात. ‘आबा’ म्हणताना ओठ मिटले की हिशेब बदलतो. गळ्यातून हवा येतच असते आणि तोंडात साठत जाते. तोंडातला दाब शून्यापासून चढतो. तो सहावर पोचला की फरक दोनवर येतो आणि थरथर थांबते. प्रश्न इतकाच उरतो की सहापर्यंत चढायला किती वेळ लागतो.

क्षणभर समजू या की तोंड लोखंडी डब्यासारखं ताठ आहे आणि ओठांमागे 100 मिलिलिटर हवा मावते. बाहेरच्या वातावरणाचा दाब याच एककात सुमारे 1030 सेंटिमीटर भरतो. त्यात सहानं वाढ करायची म्हणजे शेकडा अर्ध्याहून किंचित जास्त. म्हणजे 100 मिलिलिटरच्या जागेत केवळ 0.6 मिलिलिटर हवा जादा कोंबली की काम झालं. नाद चालू असताना गळ्यातून सेकंदाला 100 मिलिलिटर हवा सहज जाते. त्या वेगानं 0.6 मिलिलिटर यायला सहा मिलिसेकंद पुरतात. पुरुषी आवाजात स्वरतंतूंची एक फेरी आठ मिलिसेकंदांची असते. याचा अर्थ असा, की ताठ तोंडाच्या माणसाला ‘ब’ म्हणताच आला नसता. एक फेरी पुरी व्हायच्या आतच आवाज गेला असता.

आपण ‘ब’ म्हणतो ते आपलं तोंड मऊ आहे म्हणून. आत दाब वाढला की गाल थोडे बाहेर सरतात, घशाच्या भिंती आणि मृदुतालू ढिले पडतात, जीभ किंचित खाली दबते. जागा वाढते, दाब सावकाश चढतो. या आपोआप होणाऱ्या ढिलेपणानं किती वेळ मिळतो ते मोजायचं काम कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली इथल्या जॉन ओहाला आणि कॅरोल रिओर्डन यांनी 1979 मध्ये केलं. अडचण अशी होती, की बोलणाऱ्याला ‘ब’ लांबव म्हणून सांगितलं तर तो नकळत घशाची जागा वाढवतो, स्वरयंत्र खाली ओढतो आणि मोजमापात भेसळ होते. म्हणून त्यांनी नाकातून घातलेल्या नळीनं आतल्या हवेला बाहेरची वाट दिली, आणि बोलणाऱ्याला कल्पना नसताना ती वाट मध्येच बंद केली. युक्ती लढवायला अवधी मिळत नाही, शरीर जेवढं आपसूक ढिलं पडेल तेवढंच पडतं. त्या क्षणापासून नाद किती वेळ टिकला याचं मध्यमान आलं 64 मिलिसेकंद.

ताठ तोंडाचे सहा आणि खऱ्या तोंडाचे 64, हा दहापट फरक निव्वळ मऊपणाचा आहे. आणि मऊपणा सगळीकडे सारखा नसतो. त्याच प्रयोगात ‘ब’ला सुमारे 82 मिलिसेकंद मिळाले, ‘द’ला 63, आणि ‘ग’ला 52. कारण शोधायला लांब जायला नको, नाक धरून केलेल्या खेळात ते दिसलेलंच आहे. ‘ब’मध्ये बंद ओठांशी होतो, म्हणजे गालांसकट सगळं तोंड त्याच्या मागे मदतीला असतं. ‘द’ दातांशी अडवतो, गालांचा बराचसा भाग हातचा जातो. ‘ग’मध्ये जीभ मागे मृदुतालूला चिकटते. गाल पूर्ण निकामी, आणि मृदुतालूचा मोठा भाग जिभेनं दाबून धरलेला. मागे उरते ती घशाची पोकळी, तीही लहान. जिथे जागा कमी आणि ढिली पडणारी त्वचाही कमी, तिथे दाब सगळ्यात आधी चढणार.

इथे कुणी म्हणेल, फुप्फुसांतून जोर वाढवावा. त्यानं थोडं मिळतं, पण फार नाही, कारण खालचा दाब वाढला की गळ्यातून जाणारी हवाही वाढते आणि तोंड अधिक झपाट्यानं भरतं. मुळात कमतरता जोराची नाही, जागेची आहे.

आता आपल्याच भाषेकडे वळू. 1964 मध्ये हॅस्किन्स प्रयोगशाळेतल्या ली लिस्कर आणि आर्थर अॅब्रमसन यांनी अकरा भाषांमधल्या शब्दारंभीच्या स्पर्श व्यंजनांची मोजणी प्रसिद्ध केली. ध्वनिशास्त्राच्या विद्यार्थ्याला हा लेख आजही वाचावा लागतो, आणि त्या अकरांमध्ये मराठी आहे. व्यंजनाचा स्फोट होण्याच्या किती आधी किंवा नंतर नाद सुरू होतो, हे त्यांनी मोजलं. मराठी बोलणाऱ्यानं सुटा शब्द उच्चारताना ‘ब’ किंवा ‘ग’ चा नाद स्फोटाच्या सुमारे शंभर मिलिसेकंद आधीच सुरू केलेला होता. इंग्रजीत पुष्कळदा तसं होत नाही. तिथे शब्दारंभीचा ‘बी’ तोंड बंद असताना बरेचदा मुका असतो, आणि त्याला ‘पी’पासून वेगळं ओळखता येतं ते ‘पी’नंतर येणाऱ्या हवेच्या झोतामुळे. मराठीत ती पळवाट नाही. आपल्याला प, फ, ब, भ अशी चौघांची वेगळी ओळख ठेवायची असते, आणि ‘प’ व ‘ब’ यांच्यातला फरक नादानंच सांभाळावा लागतो.

म्हणजे 64 मिलिसेकंद आपोआप मिळतात आणि मराठी माणूस शंभर खर्च करतो. वरचे कुठून येतात? ते कमवावे लागतात. स्वरयंत्र काही मिलिमीटर खाली सरकतं, जिभेचं मूळ पुढे ओढलं जातं, मृदुतालू आणखी वर उचलला जातो, घशाच्या स्नायूंचा ताण सोडला जातो. जॉन वेस्टबरी यांनी 1983 मध्ये क्ष-किरण चित्रफितींवरून दाखवलं, की घोष स्पर्श चालू असताना स्वरयंत्राच्या वरची पोकळी खरोखर मोठी होत जाते. कधीकधी मृदुतालू अगदी बारीक फट ठेवतो आणि थोडी हवा नाकातून निसटू देतो. हे आपल्याला कुणी शिकवलेलं नाही. दीड-दोन वर्षांचं मूल ‘बाबा’ म्हणता म्हणता हे कुठेतरी पदरात पाडून घेतं.

अशी कमाई किती पुरते याला मर्यादा आहे, आणि ती दिसते द्वित्तात. ‘मुदा’ आणि ‘मुद्दा’ यांत जीभ त्याच ठिकाणी टेकते, पण दुसऱ्यात ती बराच जास्त वेळ टेकून राहते. भाषा कोणतीही असो, द्वित्ताचा बंद साध्याच्या साधारण दीड ते तीनपट लांब असतो. 150 मिलिसेकंदांच्या बंदात नाद अखंड ठेवायचा, तर प्रवाह हळूहळू कमी होतो हे धरूनही सुमारे दहा मिलिलिटर हवेची सोय लावावी लागेल. त्यातले निम्मे आपसूक ढिलेपणात खपतात, उरलेल्यांसाठी हलवाहलव करावी लागते. हे माझं ढोबळ गणित आहे, पण अडचणीचा आकार त्यावरून कळतो. ‘मोठ्ठा’ हवा तेवढा लांबवता येतो, कारण ‘ठ’ अघोष आहे, तिथे गप्प राहणं हेच काम. ‘अग्गोबाई’ मधला ‘ग्ग’ मात्र एक सेकंद धरून बघा. सुरुवातीला गुरगुर येईल, मग ती दाबली जाईल, आणि शेवटी जे सुटेल ते ‘क’च्या वळणाचं असेल.

काही भाषांमध्ये नेमका हा प्रकार व्याकरणात शिरला आहे. ओहालांनी 1983 मध्ये दिलेलं उदाहरण नुबियन भाषेचं आहे. इजिप्त आणि सुदानमध्ये नाईलच्या काठानं ती बोलली जाते. तिच्यात एक प्रत्यय लागला, की शब्दाच्या शेवटच्या व्यंजनाचं द्वित्त होतं. ‘फब’, म्हणजे वडील, याचं ‘फब्बॉन’ होतं. इथपर्यंत सरळ आहे. पण ‘सेगेद’, म्हणजे विंचू, याचं ‘सेगेत्तॉन’ होतं. गाढवासाठीचा ‘कज’ हा शब्द ‘कच्चॉन’ होतो आणि कुत्र्यासाठीचा ‘मुग’ हा ‘मुक्कॉन’. द, ज आणि ग यांचा नाद गेला, ‘ब’चा राहिला. ओहालांच्या प्रयोगात ज्याला सगळ्यात जास्त मिलिसेकंद मिळाले होते, तोच इथे तगला आहे.

जपानीत गोष्ट अजून घडते आहे. तिच्या जुन्या देशी शब्दांत घोष द्वित्त नाही. इंग्रजी शब्द आले तेव्हा ‘बेड’चं ‘बेद्दो’ झालं आणि ‘डॉग’चं ‘दोग्गु’, म्हणजे नको तेच द्वित्त घरात आलं. आता ‘बेत्तो’ आणि ‘दोक्कु’ असे उच्चार सर्रास ऐकू येतात. पण ‘एग’चं ‘एग्गु’ मात्र तसंच राहतं. अघोष व्हायची मुभा मुख्यत्वे त्या शब्दांना आहे, ज्यांत आधीच आणखी एक घोष स्पर्श किंवा तसाच घर्षक आहे. म्हणजे हवेनं ढकललं, पण कुणाला पडू द्यायचं हे जपानीनं स्वतःच्या नियमानं ठरवलं. मला हा भाग फार आवडतो. हवेचा नियम सगळीकडे एकच आहे. त्याच्याशी वागायची रीत मात्र प्रत्येक भाषा आपली आपण बनवते, आणि भौतिकशास्त्रावरून ती आधी सांगता येत नाही.

यातली सगळ्यात देखणी रीत आपल्या शेजारची आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली आणि त्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. तिथल्या जुन्या माणसांची सिंधी कान देऊन ऐकली, तर काही ब, ड, ज, ग वेगळे वाटतात. जणू आवाज बाहेर फेकण्याऐवजी आत ओढून घेतला आहे. देवनागरीत सिंधी लिहिताना या चार ध्वनींसाठी खाली रेघ असलेली अक्षरं वापरतात : ॿ, ॾ, ॼ, ॻ. शास्त्रात त्यांना अंतःस्फोटी म्हणतात. मुंबईतल्या कच्छी बोलणाऱ्यांच्या तोंडीही असे ध्वनी आहेत.

हे ध्वनी आले कुठून, याचा छडा राल्फ टर्नर यांनी 1924 मधल्या एका निबंधात लावला. पुढे भारतीय आर्यभाषांचा मोठा तौलनिक कोश ज्यांनी रचला, तेच हे टर्नर. त्यांची मांडणी आपल्याच शब्दांनी तपासता येते. संस्कृत ‘लग्न’चं प्राकृतात ‘लग्ग’ झालं, म्हणजे घोष द्वित्त आलं. त्यातून मराठीत ‘लाग(णे)’, पंजाबीत ‘लग्ग’, आणि सिंधीत ‘लॻ(णु)’. ‘अद्य’चं ‘अज्ज’ झालं. त्याचं मराठीत ‘आज’, पंजाबीत ‘अज्ज’ आणि सिंधीत ‘अॼु’. ‘शब्द’चं ‘सद्द’ झालं, त्याचा सिंधीत ‘सॾु’ म्हणजे हाक झाली. पंजाबीत मोठ्याला ‘वड्डा’ म्हणतात, सिंधीत ‘वॾो’.

पंजाबीनं द्वित्त ठेवलं. मराठीनं द्वित्त सोडून आधीचा स्वर लांब केला. मराठीच्या या बदलाचं श्रेय हवेच्या अडचणीला देण्याचा मोह होतो, पण तो आवरायला हवा. ‘सत्त’चंही मराठीत ‘सात’च झालं, आणि ‘त्त’ला तर नादाची काळजी नाही. मराठीनं घोष-अघोष न बघता सगळीच द्वित्तं सैल केली. सिंधीची गोष्ट वेगळी आहे. तिनंही द्वित्तं सोडली, सातला तिथे ‘सत’ म्हणतात, साधा ‘त’. घोष द्वित्तांनाच तेवढं वेगळं वळण लागलं आणि तिथे अंतःस्फोटी ध्वनी उभा राहिला. अघोष आणि घोष यांची वाट इथे फुटली, म्हणून कारण नादाच्या अडचणीत शोधणं रास्त ठरतं.

ओहालांनी जोडलेली साखळी अशी. कधीकाळी सिंधच्या बोलीत ‘लग्ग’ होतं. लांबलेल्या ‘ग्ग’मध्ये नाद टिकवायचा तर जागा वाढवायला हवी. सगळ्यात हाताशी असलेला उपाय म्हणजे स्वरयंत्र खाली ओढणं, कारण त्यानं घशाची नळीच लांब होते. घशाची रुंदी चार-पाच चौरस सेंटिमीटर धरली आणि स्वरयंत्र एक सेंटिमीटर उतरलं, तर चार-पाच मिलिलिटर जागा नव्यानं मिळते, म्हणजे चहाच्या लहान चमच्याएवढी. सुरुवातीला हा निव्वळ तगून राहण्याचा उपाय होता. ऐकणाऱ्याला मात्र त्याचा एक खास रंग ऐकू येऊ लागला. पुढच्या पिढ्यांनी तो रंगच व्यंजनाची ओळख मानला, स्वरयंत्र मुद्दाम आणि जोरात खाली ओढायला सुरुवात केली, आणि मूळचा लांबलेला बंद आखूड झाला तरी हालचाल राहून गेली. ज्या अडचणीसाठी उपाय केला ती अडचण गेली आणि उपाय व्यंजन होऊन बसला.

यात एक गाठ राहते. सिंधीत असे ध्वनी फक्त जुन्या द्वित्तांच्या जागी नाहीत, शब्दाच्या सुरुवातीलाही आहेत. दाताला ‘ॾंदु’, जिभेला ‘ॼिभ’. संस्कृत ‘गोष्ठ’चा आपल्याकडे गोठा झाला, सिंधीत त्याचं ‘ॻोठु’ म्हणजे गाव झालं. सुरुवातीच्या व्यंजनाला लांब बंद कसा म्हणायचा? माझ्या मते इथे मघाची गोष्ट कामी येते. थांबलेली थरथर सुरू करायला चालू ठेवण्यापेक्षा जास्त फरक लागतो. गप्प असताना थेट ‘द’नं सुरुवात करायची, तर तोंड आधीच बंद आहे आणि नाद शून्यातून उभा करायचा आहे. अशा वेळी स्वरयंत्र खाली ओढलं तर वरचा दाब पडतो आणि तंतूंना सुरुवातीचा हात मिळतो. ‘ॾंदु’मध्येच दुसरा ‘द’ अनुनासिकानंतर येतो. तिथे नाकातून हवा वाहतीच होती, नाद चालू होता, आणि तिथला ‘द’ अगदी साधा आहे. एका शब्दात दोन्ही परिस्थिती शेजारी शेजारी सापडतात.

ही सगळी मांडणी दाब मोजून पडताळता येते. सिंधी व्यंजनांचा हवेच्या दाबाच्या अंगानं अभ्यास परू निहलानी यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केला. पण दाबाची नळी घशात घालायची तयारी नसली, तरी संगणकावर पाहायची सोय आहे. अॅम्स्टरडॅमच्या विद्यापीठातून निघालेलं ‘प्राट’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून त्यात उघडलं, की ध्वनीचा आलेख दिसतो. तोंड बंद असलेल्या काळात वरचा सगळा भाग कोरा असतो आणि अगदी तळाशी एक काळसर पट्टी असते. तो गळ्यातला नाद, भिंतींमधून झिरपून बाहेर आलेला. साध्या ‘आबा’मध्ये ही पट्टी सुरुवातीला ठसठशीत असते आणि ओठ उघडायच्या दिशेनं फिकी होत जाते, कारण तोंडात दाब चढतो आहे आणि फरक घटतो आहे. ‘मुद्दा’ किंवा ‘अग्गोबाई’ सावकाश म्हटलं, तर पुष्कळदा ती शेवटच्या टप्प्यात पूर्ण पुसली गेलेली सापडते. आपण ‘ग्ग’ म्हटलं असं आपल्याला वाटतं आणि ऐकणाऱ्यालाही तसंच वाटतं, पण मधला काही भाग मुका असतो. आधीच्या स्वराची लांबी आणि नंतर नाद किती चटकन परततो यांवरून कान ती जागा भरून काढतो. कर्कश गोंगाटात मुद्रण केलं तर ही पट्टी दिसणार नाही, कारण पंख्याची घरघर आणि रस्त्यावरची वर्दळही त्याच खालच्या पट्ट्यात येते. त्यासाठी रात्री उशिरा, पंखा बंद करून मुद्रण करावं.

सिंधीच्या ॿ किंवा ॻ मध्ये हीच पट्टी उलट वागते. ती फिकी सुरू होते आणि स्फोटाकडे जाताना गडद होते. स्वरयंत्र खाली येता येता जागा येणाऱ्या हवेपेक्षा झपाट्यानं वाढते, तोंडातला दाब चढण्याऐवजी पडतो, कधी बाहेरच्या हवेहूनही खाली जातो, आणि तंतूंच्या दोन बाजूंतला फरक शेवटी सगळ्यात जास्त असतो. पुढे तोंड उघडतं तेव्हा थोडी हवा बाहेरून आत शिरते. ‘आत ओढल्यासारखा’ जो भास होतो, तो यामुळे. अंतःस्फोटी ध्वनी असलेल्या भाषांत ओठांचा आणि जिभेच्या शेंड्याचा प्रकार बऱ्यापैकी आढळतो, पण ‘ॻ’ तुलनेनं विरळा आहे. त्यात नवल नाही. घशाची तेवढीच लहान पोकळी हाताशी असताना तिला ताणून काम भागवायचं असतं. सिंधीनं तोही राखला आहे. साध्या ‘ग’ची कथाही तीच. थाई भाषेत ब आहे, द आहे, पण स्पर्श ‘ग’ नाही. डच भाषेतही देशी शब्दांत तो नाही. तिथे ‘ग’चं अक्षर घशातून घासत येणाऱ्या ध्वनीसाठी वापरलं जातं, आणि त्या घासणाऱ्या ध्वनीत हवेची वाट कधीच पूर्ण बंद होत नाही.

याचा अर्थ ‘ग’ अशक्य आहे असा नाही. मराठीत तो सर्वत्र आहे, हिंदी-पंजाबीत ‘ग्ग’ही बेलाशक चालतो. बावन्न मिलिसेकंदांच्या भांडवलावर ‘बग्गी’ म्हणणारा माणूस उरलेला वेळ स्वतःच्या गळ्यातून काढतो. आरशासमोर उभं राहून कंठमण्यावर नजर ठेवा आणि ‘अक्का’ व ‘अग्गा’ आळीपाळीनं, जरा लांबवून म्हणा. पुरुषांच्या गळ्यात हे नीट दिसतं. ‘अक्का’मध्ये कंठमणी जवळपास जागेवर राहतो आणि ‘अग्गा’मध्ये, जीभ टेकलेली असतानाच, तो खाली घसरू लागतो.